डबा संपत नाही तोवर

बाळंतपणाला मी माहेरी पासलीला गेले तेव्हा आमच्या किकवीच्या घरातलं कॉफीचं मशीन हळू आवाजात घुमायचं. लेक घेऊन परत आले तर ते अंगावर ओरडत होतं.

पहिल्याच सकाळी त्या आवाजानं छकुली दचकून उठली. तिला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई, म्हणजे आई, मशीनपुढं उभ्या होत्या. कॉफी भरून मशीनला लावायच्या हँडलभोवती त्यांनी फडकं गुंडाळून हातानं आवळून धरलं होतं आणि फडक्यातून गरम पाणी त्यांच्या बोटांवर ठिबकत होतं. ओट्यावर पाण्याचं थारोळं. कपात पडत होतं ते कॉफी म्हणवत नव्हतं, पावसाळ्यातल्या ओढ्याचं पाणी असावं तसं काहीतरी मळकं आणि पातळ.

मी म्हटलं, "आई, भाजेल की."

"भाजत न्हाई. सवय झाली." त्यांनी बटण बंद केलं, कप बशीत ठेवला, बशी पुसली आणि परसात गेल्या. आबा, माझे सासरे, परसातल्या दगडावर बसले होते. पूर्वी ते घरातच असायचे या वेळी. आता मशीन लावायच्या आधीच उठून बाहेर जातात, असं मला नंतर कळलं.

हे मशीन माझ्या दिराचं. प्रशिकचं. पुण्यात एका कॅफेत तो कॉफी करायचा. रोज पहाटे किकवीहून गाडी काढून जायचा, रात्री परत. तिथल्या मालकीणबाईंनी स्वतःच्या घरचं मशीन बदललं तेव्हा जुनं त्यानं मागून घेतलं, आणि पोतं बांधावं तसं गाडीला मागं बांधून घरी आणलं. आई म्हणाल्या होत्या, चहाचं पातेलं काय वाईट होतं. पण आबांना ती कॉफी आवडली. आयुष्यभर एस.टी.च्या डेपोत चहा प्यालेला माणूस, पण पहाटे पोरगा उठून कॉफी करून देतो म्हटल्यावर त्यांना ती आवडणारच होती. पहाटे मशीन घुमायला लागलं की आबा अंथरुणातूनच विचारायचे, "निघालास का रं?" आणि प्रशिक म्हणायचा, "तुमची कॉफी दिली की निघतो." रोज हेच दोन वाक्यांचं बोलणं. बापलेकात याहून जास्त बोलणं मी क्वचितच ऐकलं.

गणपतीच्या दिवसांत त्याचे डोळे पिवळे झाले. पाण्यातनं झालीय कावीळ, डॉक्टर म्हणाले. भोरला औषध घेतलं, मग ती उलटली, मग पुण्याला नेलं. पुण्याला न्यायच्या आदल्या दिवशी तो ओसरीच्या पायरीवर बसून उरलेल्या सगळ्या कॉफीबिया हातानं फिरवायच्या छोट्या चक्कीतून दळत होता. आबा म्हणत होते ठेव ते, दम लागतोय तुला. तर म्हणाला, आईला ही चक्की फिरवायला जमत नाही, मी येईस्तोवर पुरेल एवढी दळून ठेवतो. एरवी आधी दळून ठेवलेल्या कॉफीवर मला लेक्चर देणारा माणूस. वास जातो वहिनी, म्हणायचा, दळली की लगेच करायची. त्या दिवशी स्वतःच सगळी दळली आणि स्टीलच्या डब्यात भरून घट्ट झाकण लावलं.

तो परत आला नाही. मला सातवा लागला होता. घरातलं सगळं आवरल्यावर माझी आई येऊन मला पासलीला घेऊन गेली.

माझा नवरा सुमेध शिरवळच्या कंपनीत पाळीवर जातो. त्या रात्री जेवताना म्हणाला की मशीन पार गेलंय, मोटर गेली असणार, पुण्यात एक दुरुस्तीवाला शोधलाय, रविवारी देऊन येतो. महिनाभर तरी ठेवून घेईल.

आईंनी उलटायला घेतलेली भाकरी तव्यावरच राहिली.

"पुण्याला न्यायचं न्हाई."

सुमेधनं समजावलं की मशीन आहे ते, दुरुस्त होऊन येईल. आई त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, "त्यालाबी दुरुस्त व्हायलाच न्हेला हुता."

आबांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. अर्धी भाकरी तशीच होती. गेले काही महिने ते असंच जेवतात, सुमेध मला नंतर म्हणाला. सकाळची ती कॉफी तेवढी रोज घेतात. ती बंद झाली तर काय उरेल, असं तो म्हणाला नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं.

मी म्हटलं, रविवारपर्यंत मला बघू दे. मला प्रशिकनं हे मशीन चालवायला शिकवलं होतं, दुरुस्त करायला नाही. पण निदान कुठं गळतंय ते तरी बघेन. सुमेध म्हणाला बघ, पण शॉक बसेल असलं काही उघडू नकोस.

दुसऱ्या दिवशी छकुली झोपल्यावर मी प्रेरणाला फोन लावला. ती प्रशिकबरोबर कॅफेत होती, अजूनही तिथंच आहे. त्याचं नाव निघालं तशी ती एकदम कामाचं बोलायला लागली, जसं रडू आवरायला आपण बोलतो. म्हणाली, मेकॅनिककडे येणारी निम्मी मशीनं बिघडलेलीच नसतात. गळती, आवाज आणि पातळपणा हे तीन वेगळे आजार समज, एकाच औषधानं बरे होतील असं धरू नकोस. पाणी नक्की कुठून येतं ते आधी बघ. पंप ओरडतो म्हणजे बहुतेक वेळा त्याला पाणी मिळत नाही, तो हवा ओढतो. आणि कॉफी पातळ म्हणजे मशीनकडे बोट दाखवायच्या आधी कॉफीकडे बघ. मशीनचं पोट मात्र उघडू नकोस, आत करंट असतो. ठेवता ठेवता म्हणाली, ताज्या कॉफीचं एक पाकीट पाठवते, तुमच्या मशीनला चालेल अशी दळून. सुमेधचा एक मित्र पुण्याहून येणार होता, त्याच्याबरोबर ते पाकीट संध्याकाळीच आलं. मी ते न उघडता फडताळात, डाळीच्या डब्यामागं ठेवलं. डब्यात प्रशिकची कॉफी असताना दुसरी फोडायची म्हणजे आईंना विचारल्याशिवाय कशी?

आधी गळती. प्लग काढला, मशीन थंड होऊ दिलं. खालचा ट्रे ओढला तर काठोकाठ भरलेला. कॉफी झाल्यावर मशीन जादाचं पाणी ट्रेमध्ये टाकतं, हे आईंना कोणी सांगितलंच नव्हतं. ओट्यावरचं थारोळं त्यातलंच. ट्रे रिकामा करून पुसला, मशीनखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि प्लग लावून मशीन चालवलं. कागद कोरडा राहिला. म्हणजे पोटातून काही गळत नव्हतं. पण हँडलच्या वरच्या कडेतून पाणी येतच होतं.

हँडल काढून बोट फिरवलं. हँडल बसतं त्या मशीनच्या तोंडात रबराचं कडं असतं, कुकरच्या रिंगसारखं. त्यावर कॉफीचा जुना थर वाळून दगड झाला होता. कुकरच्या रिंगला भाताचं शीत चिकटलं तर शिट्टी होत नाही, तसंच हे. पुन्हा प्लग काढला आणि जुन्या दात घासायच्या ब्रशनं मी ते कडं घासून काढलं. रबर अजून मऊ होतं, चिरलेलं नव्हतं, तेव्हा बदलायची गरज नव्हती.

आई दारात उभं राहून बघत होत्या.

मी म्हटलं, आता तुम्ही नेहमीसारखी भरून दाखवा.

त्यांनी डब्यातून चमच्यानं पावडर घेतली आणि हँडलमधल्या चाळणीत शिगोशिग भरली. दट्ट्यानं दाबली, वर आणखी एक चमचा घातला, पुन्हा दाबली. हँडल लावलं तर ते मधोमध येईचना, डावीकडंच अडलं. त्या दोन्ही हातांनी ढकलत होत्या.

"एवढी का भरता, आई?"

"कमी भरली की पाणीच येतं नुसतं."

चाळणी अशी चोंदली की हँडल पुरतं बसत नाही आणि पाणी कडेनं वाट काढतं. मी चमचाभर काढून टाकली, कड बोटानं पुसली. हँडल मऊपणे सरकत मधोमध आलं. मशीन लावलं. एक थेंब बाहेर आला नाही. आईंनी हातात तयार धरलेलं फडकं हळूच खांद्यावर टाकलं. बरं वाटलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना.

पण पंप तसाच ओरडत होता, आणि कपात पडलं ते आणखीच फिकं.

आवाजाचं कोडं दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलं. पाण्याची टाकी मशीनच्या मागं बसते, काळपट प्लास्टिकची, आतलं नीट दिसत नाही. ती मी वरून दाबून पाहिली, नीट बसलेली होती. पाणी भरपूर होतं. मग प्रेरणानं सांगितलं तसं वाफेच्या नळीतून नुसतं पाणी सोडलं, आतली हवा निघून जावी म्हणून. नळी फुरफुरली, थुंकली, धार आली, आवाज क्षणभर खाली गेला. आणि पुन्हा चढला. म्हणजे हवा निघत होती आणि परत शिरत होती. पंप पाणी मागत होता आणि टाकी भरलेली असून त्याला ते मिळत नव्हतं.

बोअरच्या पाण्याचा क्षार साचला असेल म्हणून मी दुकानातून लिंबूसत्वाची पुडी आणली होती. ते कालवायला टाकी काढली, मोरीत उपडी केली, धुवायला हात आत घातला. तळाशी जिथून पाणी मशीनमध्ये जातं तिथं बारीक जाळी असते. माझ्या बोटांना जाळी लागली नाही. मऊ, बुळबुळीत काहीतरी लागलं.

फडकं होतं. पांढऱ्या मलमलीचं, चार पदरी दुमडलेलं, जाळीच्या बोंडाला दोऱ्यानं घट्ट बांधलेलं. हंड्याच्या तोंडाला गाळणं बांधतात, तशी गाठ मारलेली.

मी ते हातात घेऊन बाहेर आले. आई छकुलीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. फडकं बघून त्यांचा हात थांबला.

"त्यातनं जातंय ना पाणी," त्या म्हणाल्या. "आबा पेत्यात."

मग त्याच पुढं बोलत राहिल्या. पाणी त्या आधी गाळतात, मग उकळतात, मग निवल्यावर पुन्हा गाळून टाकीत ओततात, आणि तरी वाटतं की राहिलं काहीतरी. डॉक्टरनं सांगितलं ना, पाण्यातनं झाली. कुठल्या पाण्यातनं झाली ते सांगितलं न्हाई. पुण्यातल्या का आपल्या. "आपल्याच हंड्यातलं असंल तर?" असं त्यांनी विचारलं, पण मला नाही, छकुलीच्या पायाकडं बघत, तिच्या तळव्याला तेल चोळत.

मी त्यांच्या शेजारी बसले. सांगितलं की तेच पाणी आपण सगळे प्यालो, मी पोटुशी असताना प्याले, कोणाला काही झालं नाही. त्यांनी मान हलवली. त्यांनी ते स्वतःला शंभरदा सांगितलं असणार. मग मी म्हटलं, गाळा, उकळा, सगळं करा, पण हंड्यावर. टाकीत फडकं नको, पंपाचा श्वास कोंडतो.

"उकळलेलं चालतंय त्याला?"

चालतं, पण पुरतं गार करून, असं मी सांगितलं. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं, पिळलं आणि हंड्याच्या तोंडाला बांधून आल्या.

लिंबूसत्वाचं पाणी त्या दुपारी मशीनमधून फिरवलं, थोडा वेळ आत मुरू दिलं, मग दोन टाक्या साधं पाणी सोडून धुऊन काढलं. पण छकुली रडत होती, आई तिला घेऊन अंगणात गेल्या होत्या आणि आबा भावकीत कुणाकडं गेले होते. मशीनचा मूळचा आवाज परत आला ते माझ्याशिवाय कोणी ऐकलं नाही. मीही घाईत होते. मला नुसतं हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आईंनी नेहमीसारखं बटण दाबलं. मी दूध तापवत होते. आबा रात्री भावकीतून उशिरा आले होते, अजून उठले नव्हते. मशीन घुमायला लागलं, हळू, खालच्या सुरात, भिंतीपलीकडं कोणी ओठ मिटून गुणगुणावं तसं.

आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला. झोपेतला, सहज, रोजचा.

"निघालास का रं?"

आईंचा हात बटणावरच राहिला. कप भरला, भरून सांडायला लागला, तेव्हा मी पुढं होऊन बटण बंद केलं. आतून अंथरूण सरकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. आबा उठून बसले असणार आणि त्यांना आठवलं असणार.

बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं. परसात गेले नाहीत, ओसरीवर बसले. आईंनी कप पुढं ठेवला. त्यांनी तो पिऊन संपवला, बशीत पडलेलंसुद्धा प्याले आणि म्हणाले, "चांगली झालीया."

मी कपाच्या तळाशी राहिलेले दोन थेंब चाखून पाहिले. नुसतं कोमट, कडवट पाणी. फेस नाही, वास नाही. मशीन आता पुरतं बरं होतं आणि कॉफी तशीच होती. प्रेरणाचं वाक्य आठवलं, कॉफीकडं बघ.

डबा उघडला. अर्ध्याच्या वर भरलेला. तेव्हा मला पहिल्यांदा नवल वाटलं. प्रशिकनं दळून ठेवली होती ती फार तर महिनाभराची. मी माहेरी जाऊन, बाळंत होऊन, परत आले होते.

छकुलीची दुपटी वाळत घालायला मी गच्चीवर गेले. आईंनी कुरडया घातल्या होत्या, जुन्या साडीवर ओळीनं. साडीच्या पलीकडच्या टोकाला, टाकीच्या आडोशाला एक सूप होतं. त्यावर पातळ पांढरं कापड टाकून चार कोपऱ्यांवर खडे ठेवले होते. कापड उचललं. आत काळपट भुगा पसरला होता, नीट सारखा केलेला, बोटांच्या रेघा उमटलेल्या. काही ठिकाणी अजून गोल वड्या होत्या, न फुटलेल्या. हँडल ठोकल्यावर चाळणीतून पडते तशी कॉफीची वडी. एका वडीवर मशीनच्या जाळीच्या स्क्रूचा खळगा उमटलेला होता.

चोथा होता. वापरलेल्या कॉफीचा चोथा.

मी दुपटी हातात तशीच धरून उभी राहिले. आई कधी वर आल्या कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून एक दुपटं घेतलं, झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला. दुसरं घेतलं.

"पयल्यांदा टाकूनच देत हुते," त्या म्हणाल्या. "तो टाकायचा तसा, कढीपत्त्याच्या बुडाशी. मग एक दिस डब्याचा तळ दिसला."

मी पुढचं दुपटं त्यांच्या हातात दिलं.

"म्हणलं, वाळवून बघावं. वाळल्यावर तशीच तर दिसती. डब्यात टाकली, हलवली. लई दिस कळलंबी न्हाई कुणाला."

मग कपातला रंग उतरतोय असं त्यांना दिसलं, म्हणून चमचा वाढवला. आणखी उतरला, आणखी वाढवला. गळायला लागलं तेव्हा फडकं धरलं. हे सगळं त्या कुरडया कशा घातल्या ते सांगावं तशा सांगत होत्या.

"आई, त्यात आता काही राहिलं नाही," मी शक्य तेवढ्या हळू म्हटलं. "एकदा पाणी गेलं की त्यातला सगळा गुण निघून जातो."

"ठावं हाय."

त्यांनी सुपाजवळ बसून एक वडी बोटांनी फोडली. मऊ होती, सहज फुटली.

"पर त्यानं दळलेली हाय ना," त्या म्हणाल्या. "पायरीवर बसून. डबा संपला म्हंजी तो म्हणला हुता तेवढं संपलं. मी यीस्तोवर पुरंल, म्हणला हुता."

खाली छकुली उठून रडायला लागली होती आणि माझं अंग दुधानं भरून आलं. मी खाली पळाले. मला जायला कारण मिळालं, त्यांना तेही नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सुमेधनं विचारलं, उद्या मशीन न्यायचं का? मी म्हटलं, नको, मशीन चांगलं आहे. मग कॉफी का अशी, असं त्यानं विचारलं तेव्हा मी आईंकडं पाहिलं. त्या निवडत होत्या त्या मेथीतून मान वर करीनात. ओसरीवरून आबा बोलले.

"पावडर शिळी झालीया. मशीनला काय झालंय?"

आईंनी मान वर केली.

"तुमाला म्हाईत हुतं?"

ओसरीच्या खांबाला टेकून ते रस्त्याकडं बघत होते. रात्री प्रशिकची गाडी वळायची तिथून.

"चव तर दिवाळीआधीच गेलेली," ते म्हणाले. "एकदा गच्चीवर गेलतो, सूप बघितलं. म्हणलं, तू करतीस तर करू दे. म्या पितो तर पिऊ दे."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. सुमेधला काही उमगलं नव्हतं, मी त्याला डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. मेथीची काडी मोडल्याचा आवाज आला. आई पुन्हा निवडायला लागल्या होत्या.

रविवारी पहाटे मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आई ओट्यापाशी उभ्या होत्या. डाळीच्या डब्यामागचं पाकीट ओट्यावर होतं. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असणार, त्यांच्याच फडताळात ठेवलं होतं मी.

"हे फोड," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, डबा रिकामा करू का? त्यांनी नाही म्हटलं. डबा उचलला, लुगड्याच्या पदरानं पुसला, झाकण दाबून पाहिलं आणि आत नेऊन बुद्धांच्या तसबिरीखाली, प्रशिकच्या फोटोशेजारी ठेवला. परत आल्या त्या लोणच्याची धुतलेली बरणी घेऊन. नवीन कॉफी तीत ओतली. पाकीट फुटलं तसा वास सुटला, आणि तो वास नाकात जाताच त्यांनी ओट्याची कड धरली. प्रशिकच्या शर्टांना हा वास यायचा. त्या रोज ते शर्ट धुवायच्या. मी दुसरीकडं पाहिलं.

चाळणी मी भरली. कडेच्या खाली, सपाट, जशी त्यानं शिकवली होती. दट्ट्या सरळ दाबला. कड पुसली. हँडल मधोमध आलं. बटण आईंनी दाबलं.

मशीन घुमलं. आधी काहीच नाही, मग दोन थेंब, आणि मग काकवीसारखी दाट, संथ धार. वर तांबूस साय धरत गेली. गळती नाही, ओरडणं नाही. आतल्या खोलीतून या वेळी कोणी काही विचारलं नाही. आम्ही दोघी ऐकत होतो तरी.

आबा ओसरीवर बसले होते. आईंनी कप पुढं ठेवला आणि नेहमीसारखं आत न जाता तिथंच दाराला टेकून बसल्या. आबांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग कप खाली ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता. एवढ्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, सुमेधनंही नसणार.

आईंनी त्यांना रडू दिलं.

थोड्या वेळानं आबांनी कप उचलला, उरलेली अर्धी कॉफी बशीत ओतली आणि बशी आईंकडं सरकवली. आईंनी ती कॉफी आजवर कधी चाखली नव्हती. प्रशिक किती म्हणायचा, एक घोट घेऊन तर बघ. मला चहा बरा, त्या म्हणायच्या, आणि तो हसून कप आबांकडं न्यायचा.

त्यांनी बशी दोन्ही हातांनी उचलली. फुंकर घातली. ओठ लावले आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"एवढं कडू प्यायचं का माझं लेकरू?"

आबांनी मान हलवली.

त्यांनी बशी खाली ठेवली नाही. प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत, मधे थांबत, त्या ती पुरती प्याल्या. मग बशीतला शेवटचा थेंब बोटानं पुसला, उठल्या, मशीनजवळ गेल्या. हँडल काढलं, वडी हातावर ठोकली. ती वडी घेऊन त्या परसात गेल्या, आणि मी खिडकीतून पाहिलं, त्या कढीपत्त्याच्या बुडाशी वाकून ती मातीत कालवत होत्या.